टाइमशीटवर २५०, प्रत्यक्षात ३८९

नमस्कार मॅडम,
नाशिकला आमची दोन पार्टनरची सीए फर्म आहे. दोन पेड असिस्टंट, सहा आर्टिकल. दर जूनमध्ये ठरवतो की यंदा ऑगस्टपर्यंत कंपनी ऑडिट उरकायची, आणि दर सप्टेंबरात शेवटचा आठवडा ऑफिसातच मुक्काम. यंदा मुदत वाढली म्हणून वाचलो. अंबड एमआयडीसीत एक कंपनी आहे. उलाढाल ४२ कोटी, स्टॅच्युटरी आणि टॅक्स ऑडिट मिळून फी १ लाख ८० हजार. टाइमशीटवर २५० तास आहेत, म्हणजे नफा दिसतो, पण ही फाईल आमचा जीव काढते. टाइम बजेट कसं बांधायचं, माणसं कशी लावायची, जादा तासांचे पैसे कसे मागायचे? की फाईल सोडून द्यावी?
स. क., नाशिक

नमस्कार,

पत्र वाचल्यावर मला पहिला खटकला तो २५० हा आकडा. म्हणूनच मी फोन केला आणि त्या फाईलवर काम केलेल्या प्रत्येकाला वेगळं बसवून, रागवायचं नाही असं आधी सांगून, खरे तास विचारायला सांगितले. तुम्ही ते केलंत आणि आकडे पाठवलेत, त्याबद्दल आभार. या उत्तराचा पाया तेच आकडे आहेत.

टाइमशीटवर पार्टनरचे २०, पेड असिस्टंटचे ७० आणि आर्टिकलचे १६० तास होते. विचारल्यावर निघाले ३४, ११५ आणि २४०. म्हणजे एकूण ३८९. तुमच्या ऑफिसचं भाडं, पगार, सॉफ्टवेअर सगळं धरून तुम्ही तासाचा खर्च काढला आहे तो असा: पार्टनर १,८०० रुपये, पेड असिस्टंट ७००, आर्टिकल २५०. या दराने टाइमशीटप्रमाणे खर्च होतो १ लाख २५ हजार, आणि ५५ हजार सुटल्यासारखे वाटतात. खऱ्या तासांनी तोच खर्च २ लाख १ हजार ७०० होतो. म्हणजे या फाईलवर तुम्ही खिशातले २१ हजार ७०० रुपये घातलेत.

तुमची पोरं खोटारडी आहेत असं यातून समजू नका. बजेटच्या पुढे तास गेले की पार्टनर विचारतो, "एवढा वेळ कशाला लागला?" हे एकदा ऐकलं की पुढच्या वेळी मूल सहापर्यंतचेच तास लिहितं आणि नऊपर्यंत बसतं. पेड असिस्टंटही तेच करतो, कारण त्याला पगारवाढ हवी असते. मग पुढच्या वर्षी तुम्ही त्याच २५० वर बजेट बांधता, तेवढीच माणसं लावता, आणि उरलेले १३९ तास कुठून तरी यायलाच हवेत, ते सप्टेंबरच्या रात्रींतून येतात. तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ मला इथे दिसतं. तेव्हा पहिला बदल हा करा: टाइमशीटवर बजेटपेक्षा जास्त तास दिसले तर "का" विचारायचं नाही, "कशावर" एवढंच विचारायचं. त्यासाठी एक्सेलमध्ये तासांच्या शेजारी एकच जादा रकाना ठेवा आणि त्यात तीनपैकी एक अक्षर लिहायला सांगा. क्लायंटमुळे वेळ गेला तर क, कामच वाढलं असेल तर व, आपल्या चुकीने गेला तर आ.

तुमच्या १३९ जादा तासांची हीच फोड आपण फोनवर केली. ट्रायल बॅलन्स चार वेळा बदलून आला, दर वेळी लीड शीट नव्याने जुळवावी लागली, त्यात ५८ तास गेले. हा निव्वळ क. बँकेला दिलेली तिमाही स्टॉक स्टेटमेंट पुस्तकांशी जुळेनात, त्यात ३१ गेले. कंपनीची कॅश क्रेडिट मर्यादा ६ कोटी आहे, आणि ५ कोटींच्या वर मर्यादा असली की कॅरो २०२० मध्ये या तुलनेवर ऑडिटरला लिहावं लागतं. तुमची फी ठरली तेव्हा हे कलमच नव्हतं. हा व. मध्येच आर्टिकल बदलला, नव्याला फाईल समजून घ्यायला २२ तास लागले. आणि रिव्ह्यूमध्ये परत गेलेलं काम पुन्हा करण्यात २८. हे दोन्ही आ, आणि हे ५० तास कुणाच्याही नावावर लावू नका, ते तुमचेच आहेत.

या फोडीशिवाय फीची बोलणी करायला गेलात तर "आमचा फार वेळ जातो हो साहेब" एवढंच म्हणता येतं, आणि समोरचा हसून चहा सांगतो. फोड हातात असली की बोलणं वेगळं होतं. ट्रायल बॅलन्सच्या ५८ तासांत आर्टिकलचे ४० आणि पेड असिस्टंटचे १८ होते. त्याचा खर्च १०,००० अधिक १२,६००, म्हणजे २२ हजार ६००. तुमचा तोटा जवळपास तेवढाच आहे. म्हणजे ही कंपनी स्वस्तात ऑडिट करून घेत नव्हती, ती तुमच्याकडून अकाउंटिंग फुकट करून घेत होती. हे वाक्य मात्र मालकांना असंच्या असं ऐकवू नका.

पैसे मागायची वेळ ऑडिट रिपोर्टवर सही करतानाची नसते. तेव्हा तुम्ही जादा पैसे मागितले तर सही अडवून धरल्यासारखं दिसतं, आणि ते तसं दिसणं वाईटच. ज्या आठवड्यात दुसरा ट्रायल बॅलन्स येतो त्याच आठवड्यात फोन करायचा. "साहेब, २२ तारखेला दिलेल्या आकड्यांवर आमचे तीन दिवस झाले, आता नवे आकडे आलेत. पुन्हा जुळवायला साधारण १५ तास लागतील, त्याचे इतके होतील. तुमच्या अकाउंटंटने आधी सगळ्या एंट्री पूर्ण केल्या तर हे वाचेल. काय करू या?" असं विचारलं की दहापैकी बरेच मालक अकाउंटंटला हाक मारतात आणि तुमचे तासच वाचतात. पैसे मिळण्यापेक्षा ते बरं. फोननंतर त्याच दिवशी ई-मेल टाका. कंपनी कायद्याच्या कलम १४२ प्रमाणे ऑडिटरची फी सर्वसाधारण सभेत किंवा सभा ठरवील त्या रीतीने ठरते, आणि बहुतेक ठिकाणी तो अधिकार बोर्डाकडे दिलेला असतो. तेव्हा जादा रकमेला संचालकांची लेखी संमती आधी हवी, नंतरची नव्हे.

याची बीजं एंगेजमेंट लेटरमध्ये पेरायची असतात. तुमचं लेटर मी पाहिलं. त्यात मॅनेजमेंटची जबाबदारी, ऑडिटच्या मर्यादा सगळं आहे, पण एकही तारीख नाही. एक पान जोडा: लॉक केलेला ट्रायल बॅलन्स कधी मिळेल, ३१ मार्चची बँक रिकन्सिलिएशन, सही केलेली स्टॉक शीट, फिक्स्ड अॅसेट रजिस्टर, आणि कुठला पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे याच्या खुणेसह येणी-देणी यादी. या पाच गोष्टी ठरल्या तारखेला आल्या नाहीत तर वेळापत्रक पुढे जाईल आणि जादा तासांचं बिल अमुक दराने होईल, एवढी दोन वाक्यं त्याखाली. आणि मग ती पाळा. पाचपैकी ट्रायल बॅलन्स आलेला नसेल तर टीम पाठवू नका. "पोरं रिकामी बसण्यापेक्षा जाऊन बसू देत तिकडे" या विचाराने मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं तास वाया घालवले आहेत. त्यापेक्षा प्रत्येक मोठ्या फाईलला एक जोडीची फाईल आधीच ठरवून ठेवा. ही अडली की टीम तिकडे वळते.

आता पुढच्या हंगामाचं बजेट. आ मधले ५० तास शून्य होणार नाहीत, २० उरतील असं धरा. क मधले ५८ तारखा पाळल्या गेल्या तर जातील. मग ३८९ मधून ८८ गेले, ३०० च्या आसपास राहतात. ते एकगठ्ठा जूनमध्ये टाकू नका. ४० तास जानेवारी ते मार्चमध्ये ठेवा: डिसेंबरपर्यंतच्या नऊ महिन्यांचं व्हाउचिंग, नव्या मशिनरीची बिलं, तीन तिमाहींची स्टॉक स्टेटमेंट पुस्तकांशी ताडून पाहणं, आणि ४३बी(एच) साठी पुरवठादारांची उद्यम नोंदणी तपासणं. स्टॉक स्टेटमेंटचा फरक फेब्रुवारीत सापडला तर अकाउंटंटला कारण आठवतं. ऑगस्टमध्ये सापडला तर त्यालाही शोधावं लागतं, आणि ते ३१ तास तसेच गेले होते. २५ तास ३१ मार्चच्या स्टॉक मोजणीला आणि एप्रिलमध्ये बँक, येणेकरी, देणेकरी यांना कन्फर्मेशन पाठवायला. १६० तास मुख्य फील्डवर्क, ४५ तास रिव्ह्यू आणि रिपोर्ट, ३० तास ३सीडीचे. झाले ३००. याशिवाय ३० तास तुमच्याजवळ राखून ठेवा, टीमला सांगू नका. सांगितलं की ते खर्च होतातच.

पार्टनरच्या तासांत कंजुषी करू नका. तुम्ही २० च्या जागी ३४ दिलेत आणि त्यातले बरेचसे शेवटच्या चार दिवसांत. तेच ३४ तास पसरून द्या: सहा तास जानेवारीत टीमबरोबर बसून यंदा धोका कुठे आहे हे ठरवायला, आठ फील्डवर्क चालू असताना त्यांच्या टेबलाशी जाऊन, उरलेले रिव्ह्यूला. २८ तासांचं काम परत गेलं ते पोरांना काय हवं होतं हे शेवटी कळलं म्हणून.

फील्डवर्क कुठल्या दिवसांत ठेवायचं हे बहुतेक फर्म आपल्या सोयीने ठरवतात आणि तिथे फसतात. क्लायंटचा अकाउंटंट महिन्यात कधी मोकळा असतो ते बघा. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. २१ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ५-६ तारखेपर्यंत तो तुमच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकतो. २०२६ मध्ये २१ जूनला रविवार आहे, तेव्हा सोमवार २२ जून ते शनिवार ४ जुलै हे बारा दिवस या कंपनीसाठी बांधून ठेवा. एक पेड असिस्टंट आणि दोन आर्टिकल, माणशी रोजचे खरे कामाचे सहा तास. आठ धरू नका, जाणं-येणं, जेवण, फाईल मिळण्याची वाट यात दोन जातातच. म्हणजे दिवसाला १८ तास, आणि १६० तास नऊ दिवसांत बसतात. तीन दिवस मोकळे राहतात, ते मोकळेच राहू द्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून "किती तास झाले?" असं विचारू नका. ते ५४ झालेत हे तुम्हाला माहीतच आहे. "अजून किती लागतील?" असं विचारा, आणि एकेका भागाचं वेगळं विचारा. उत्तर १०६ च्या आसपास आलं तर ठीक. १४० आलं तर ३४ तासांचा जादा बोजा तुम्हाला २४ जूनलाच कळला, सप्टेंबरात नव्हे. तेव्हा हातात पर्याय असतात: मालकांना फोन, एक आर्टिकल दोन दिवस जादा, राखीव तासांतले काही सोडणं. एवढं मात्र लक्षात ठेवा की बजेट हे पुराव्यावरचं झाकण नाही. काही संशयास्पद दिसलं, विक्रीच्या नोंदी ३० आणि ३१ मार्चलाच का फुगल्या असा प्रश्न पडला, तर तास मोजणं थांबवा आणि मुळाशी जा. त्या तासांची नोंद "व" खाली होईल, एवढंच.

मी हे इतकं पोटतिडकीने का लिहितेय ते सांगते. माझ्या पार्टनरशिपच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका कारखान्याची फाईल आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उरकली. पुढच्या एप्रिलमध्ये नवीन आर्टिकल मुलगी मार्चअखेरची माल आवक रजिस्टरं चाळत होती. तिने येऊन विचारलं, "मॅडम, हा माल गेल्या वर्षी २९ मार्चला आत आला, स्टॉकमध्ये मोजला, पण बिल एप्रिलला नोंदलंय. असं चालतं?" अशी सात बिलं निघाली, ११ लाखांची. तेवढा नफा आम्ही सही केलेल्या ताळेबंदात जास्त दाखवला गेला होता. मी जुनी फाईल काढली. कट-ऑफ तपासणीच्या कागदावर टिक होती, रीतसर. पण त्या फाईलमधले चौदा वर्किंग पेपर एकाच तारखेचे होते, एकाच निळ्या पेनाचे, आणि टिकांचा कोन शेवटाकडे सारखा आडवा होत गेलेला. कुणी रजिस्टर उघडलंच नव्हतं. त्या मुलावर मी रागवू शकले नाही. त्या रात्री एक वाजता त्याला "तेवढं कट-ऑफ उरकून टाक" असं मीच सांगितलं होतं.

तेव्हापासून रिव्ह्यूला बसले की मी आधी आकडे बघत नाही, तारखा बघते. वर्किंग पेपर आता पडद्यावर असले तरी फाईल कधी सेव्ह झाली ते दिसतंच. आठ-दहा भाग एकाच दिवशी संपलेले दिसले, किंवा रिव्ह्यूची तारीख आणि सहीची तारीख एकच असली, तर त्यातले दोन भाग मी पुन्हा करायला देते. मार्चमधल्या शेवटच्या पाच आणि एप्रिलमधल्या पहिल्या पाच आवक नोंदी मी स्वतः बघते. वीस मिनिटांचं काम आहे. तुमच्याही फाईली उघडून यंदाच्या तारखा बघा.

आता तारखांचं. तुमच्या डोक्यात ३० सप्टेंबर आहे. कंपनीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरला घ्यायची आणि २१ पूर्ण दिवसांची नोटीस द्यायची तर नोटीस आणि ताळेबंद ८ सप्टेंबरपर्यंत निघायला हवेत. प्रायव्हेट कंपनीला तिच्या नियमावलीप्रमाणे यात सवलत असू शकते, ती वाचून घ्या, पण त्या सवलतीवर वेळापत्रक बांधू नका. आणि २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, अनंत चतुर्दशी २५ ला. कोकणातली पोरं ११ लाच निघतील आणि निघायलाच हवीत. शिवाय सीए फायनल २०२५ पासून जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. तुमच्या दोन पेड असिस्टंटांपैकी कुणी सप्टेंबरचा अटेम्प्ट देणार असेल तर ऑगस्टपासूनच ते माणूस तुमचं नाही. आजच विचारा, अवघडू नका. नव्या स्कीममध्ये आर्टिकलशिप दोनच वर्षांची आहे, तेव्हा सहातले कोण जून ते सप्टेंबरमध्ये मोकळे होतात तेही मांडा. आर्टिकल बदलल्याचे २२ तास तिथूनच आले होते. बाहेर पडणाऱ्याला शेवटचा आठवडा नव्याशेजारी बसवायचा, हे वेळापत्रकात लिहूनच ठेवा.

एक मोठा कागद घ्या. डावीकडे दहा नावं, वर जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे आठवडे. आधी रजा, परीक्षा, गणपती खोडून काढा, मग फाईली भरा. सप्टेंबरात सहा आर्टिकलचे माणशी वीस दिवस आणि दिवसाला सहा तास धरले तर ७२० तास होतात. टॅक्स ऑडिटची पोर्टलवरची कामं, क्लायंटची मंजुरी, यूडीआयएन, एवढ्यातच ते संपतात. कंपनी ऑडिटचं फील्डवर्क त्यात बसत नाही, म्हणजे ते ३१ ऑगस्टच्या आत संपलेलंच हवं. कागदावर ते मावत नसेल तर डिसेंबरातच एखादं लहान काम नाकारा किंवा ओळखीच्या सीएला वाटून द्या.

मुदतवाढीबद्दलही लिहायला हवं. २०२४ ला टॅक्स ऑडिटला ७ ऑक्टोबरपर्यंत मिळाली, २०२५ ला आधी ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबर. त्यामुळे "वाढेलच हो" हे क्लायंटही म्हणतो आणि आपली पोरंही. पण घोषणा शेवटच्या दिवसांत येते. तोपर्यंत तुम्ही घाईत निम्म्या फाईली उरकलेल्या असतात, आणि वाढलेला महिना ज्यांनी कागद दिले नव्हते त्यांच्यासाठी खर्च होतो. तुम्ही "वाचलो" लिहिलंत, पण सप्टेंबरात उरकलेल्या त्या फाईली मुदतवाढीने परत तपासल्या गेल्या नाहीत. डिसेंबरात वेळ आहे तोवर त्यातल्या तीन काढून कट-ऑफ आणि कन्फर्मेशनचे कागद बघा.

फाईल सोडण्याबद्दल. माझं मत: एक वर्ष द्या. जानेवारीत मालकांना भेटा, १३९ तासांची फोड दाखवा, स्टॉक स्टेटमेंटच्या कामामुळे फी २ लाख २५ हजार सांगा आणि तारखांचं पान पुढे ठेवा. ३०० तासांचा खर्च तुमच्या दराने साधारण १ लाख ५५ हजार येतो, तेव्हा २ लाख १५ वर आले तरी घ्या. पण तारखांच्या पानावर घासाघीस करू नका, तुमच्यासाठी ते फीपेक्षा मोलाचं आहे. फीला हो आणि तारखांना नाही म्हणाले तर मात्र सोडा. आणि सोडायचं तर जानेवारीतच सोडा. राजीनाम्यानंतर तीस दिवसांत एडीटी-३ भरायचा असतो, आणि नव्या ऑडिटरला ३१ मार्चच्या मोजणीला हजर राहता यायला हवं. ऑगस्टमध्ये सोडलीत तर तुमच्या सप्टेंबरातल्या रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी पोरांच्या वाट्याला येतील.